ब्रिज म्हणजे मधलं म्युझिक नव्हे: पॉप गाण्याचे भाग कानाने कसे ओळखावेत

प्रश्न: मी बेळगावात बी.कॉम. करते. घरी भजन आणि जुनी मराठी गाणी, त्यामुळे मुखडा-अंतरा कळतो. कॉलेजात मैत्रिणी इंग्रजी नि कोरियन पॉप ऐकतात आणि "ब्रिज काय भारी आहे" म्हणतात. व्हर्स, कोरस, ब्रिज कुठे सुरू होतात नि कुठे संपतात हे मला ऐकून कळत नाही. ब्रिज म्हणजे मधलं म्युझिक ना? आणि दुसऱ्या कोरसनंतर रॅप आला तर त्याला काय म्हणायचं?

उत्तर:

नाही, मधलं म्युझिक म्हणजे ब्रिज नव्हे. हे आधी सांगतो, कारण ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवताना आणि आता टिळकवाडीत घरातल्या छोट्या स्टुडिओत पोरांची गाणी बांधून देताना हीच गल्लत मी सगळ्यात जास्त पाहिली. ब्रिज म्हणजे पूल, पूल दोन काठ जोडतो, तेव्हा दोन कडव्यांना जोडणारं म्युझिक तोच ब्रिज, असा सरळ हिशेब डोक्यात बसतो. त्या म्युझिकला इंटरल्यूड म्हणतात. ब्रिजमध्ये गाणारा बहुतेक वेळा गातच असतो. फक्त तो जे गातो ते गाण्यात आधी कुठे आलेलं नसतं आणि सहसा पुन्हा कुठे येत नाही.

दुसरी गल्लत कोरस शब्दाची. आपल्याकडे "कोरस कोण आहे?" असं विचारलं की स्टेजवर मागे उभ्या राहून "आ आ" करणाऱ्या चार मुली, असंच उत्तर येतं. पॉप गाण्याच्या रचनेत कोरस म्हणजे ती माणसं नव्हेत, गाण्याचा भाग. एकटा गायक गात असला, मागे कुणी नसलं, तरी तो कोरसच.

आता ओळखायचं कसं ते. चाल आणि शब्द या दोन गोष्टींवर वेगवेगळं लक्ष ठेवा. चाल तीच पण शब्द नवे, तो व्हर्स. चालही तीच आणि शब्दही तेच, तो कोरस. चालही नवी, शब्दही नवे, आणि एकदाच, तो ब्रिज. यातली मेख अशी की पहिल्यांदा ऐकताना यातलं काहीच कळत नाही. "तेच" म्हणायला आधी काहीतरी ऐकलेलं लागतं. म्हणून पहिलं कडवं, पहिला कोरस नुसता कानात भरून घ्यायचा. साधारण सव्वा मिनिटानंतर गाणं मागे वळून तीच चाल पुन्हा घेतं, तिथून उलगडा सुरू होतो. अनोळखी भाषेतलं, म्हणजे कोरियन गाणं यासाठी उलट सोपं. शब्दांच्या अर्थामध्ये मन गुंतत नाही, नुसते आवाज परत आले की कानाला लगेच कळतं.

नुसत्या व्याख्येवर काही कळत नाही, म्हणून एक गाणंच उघडून दाखवतो. गेल्या पावसाळ्यात खानापूरकडच्या एका मुलासोबत बांधलेलं हे गाणं. रेल्वेचं गेट पडलंय, दोघं एका छत्रीत उभे आहेत, एवढाच विषय. बेळगावात राहून गेटवर थांबला नाही असा माणूस नाही. लय मिनिटाला ९६ ठोके. चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे एक बार बरोबर अडीच सेकंदांचा. ९६ मी मुद्दाम निवडले असं नाही, पण हिशेबाला बरे पडतात: चार बार म्हणजे १० सेकंद, आठ बार म्हणजे २०.

पहिली दहा सेकंद नुसती गिटार. मग पहिला व्हर्स, आठ बार:

रेल्वेचं गेट पडलं होतं, छत्री होती एक
तू मोजलेस गाडीचे डबे, मी मोजले थेंब

(यमक जुळत नाही हे मीही सांगितलं. तो म्हणाला, गाताना जुळतंय. जुळलं खरं.) इथे चाल खालीच घुटमळते, सा रे ग, फार तर मध्यमापर्यंत. बोलल्यासारखी. ड्रममध्ये हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, बंद ठेवून हलकं टिकटिक, बेस मोजकाच. व्हर्सचं काम गोष्ट सांगायचं असतं, शब्द ऐकू जायला हवेत, म्हणून वाद्यं बाजूला उभी राहतात. तिसाव्या सेकंदाला चाल बदलते:

गाडी आली, गाडी गेली, शिट्टी विरत नाही

ही ओळ दोनदा, चार बार. दुसऱ्या वेळी ती एक पायरी वरून घेतलीय, आणि शेवटच्या बारात ड्रमर टॉम नावाच्या ड्रमांवरून घरंगळत येतो. याला प्री-कोरस म्हणतात. मग चाळिसाव्या सेकंदाला कोरस, आठ बार:

थांब ना, थांब ना, गेट उघडेपर्यंत थांब
थांब ना, थांब ना, बाकी रस्ता आहे लांब

या दोन ओळी दोनदा. पहिल्या "थांब"ला पंचम, आणि "ना"ला थेट वरचा सा. व्हर्समध्ये गंधाराभोवती रेंगाळलेला आवाज एकदम वर जातो. त्याच क्षणी क्रॅशची झांज, हाय-हॅट उघडलेली, बेस प्रत्येक ठोक्याला, आणि गायकाचाच आवाज दुसऱ्यांदा रेकॉर्ड करून त्यावरच चढवलेला, म्हणून तो रुंद वाटतो. हेडफोन लावून पॉप गाणं ऐकत असाल तर कोरस आला की आवाज डोक्याच्या मधून निघून दोन्ही कानांकडे पसरल्यासारखा होतो. शब्द कळोत न कळोत, ही खूण सहसा चुकत नाही.

एक मिनिटाला कोरस संपतो, दहा सेकंद गिटारचा तोच सुरुवातीचा तुकडा येतो. हा तुमचा "मधलं म्युझिक", इंटरल्यूड. १:१० ला दुसरा व्हर्स:

पुण्याहून फोन आला, आवाज होता दूर
इथे गेटापाशी अजून तोच चहाचा धूर

चाल अगदी पहिल्या व्हर्सची. शब्द नवे, गोष्ट पुढे सरकलेली: ती आता पुण्यात, हा इथेच. मग पुन्हा प्री-कोरस, आणि १:४० ला पुन्हा "थांब ना", शब्दाला शब्द तेच. पण बघा, पहिल्या वेळी "थांब" म्हणजे पाच मिनिटं थांब, आणि दुसऱ्या वेळी तेच शब्द दूर गेलेल्या मुलीला म्हटले जातात. शब्द न बदलता अर्थ बदलला. चांगला व्हर्स लिहिण्याची सगळी कसरत यासाठीच असते. कोरस हलत नाही, व्हर्स त्याच्याखालची जमीन हलवतो.

इथे एक गोष्ट आमच्या भजनी मंडळातल्या एका काकांनी विचारली होती, तीच तुमच्याही मनात असेल. गाणं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे हे आमचं धृपदच की ओ!" बऱ्याच अंशी हो. बुवा चरण म्हणतात आणि टाळकरी धृपद उचलून धरतात, तसाच व्हर्स एकट्याचा आणि कोरस सगळ्यांचा. फरक क्रमाचा आहे. भजनात धृपद आधी, मुखडाही आधी. आपलं गाणं घरातून निघतं, अंतऱ्यातून हिंडून पुन्हा घरी येतं. आमच्यासोबत वाजवायला गोकाक-संकेश्वरकडचे वादक येतात, ते कन्नड सवयीने मुखड्याला पल्लवी आणि अंतऱ्याला चरण म्हणतात, पण क्रम तोच, पल्लवी आधी. पॉप गाणं साधारणपणे उलट्या बाजूने येतं. ते रस्त्यावर सुरू होतं आणि चाळीस-पन्नास सेकंद चालून घरी पोचतं. म्हणून आपल्या कानाला चकवा बसतो. आपण पहिली गायलेली ओळ मुखडा समजून डोक्यात धरतो, ती परत येण्याची वाट बघतो, आणि ती त्या शब्दांत परत येतच नाही. पॉप ऐकताना पहिली ओळ धरून बसू नका, सगळ्यात जास्त वेळा परत येणारी ओळ धरा. गाण्याचं नाव बहुतेक वेळा तिच्यातच असतं.

सुरुवातीलाच कोरस टाकलेली गाणीही आहेत, बीटल्सनी १९६३ मध्येच तसं करून ठेवलंय. तेव्हा नियम म्हणून नको, सवय म्हणून लक्षात ठेवा.

आपल्या अंतऱ्याच्या शेवटी एक ओळ मुखड्याकडे ढकलणारी असते. आम्ही वादक तिला क्रॉस लाईन म्हणतो. प्री-कोरसचं काम जवळपास तेच, घराच्या पायरीपर्यंत आणून सोडायचं. नवशिका ऐकणारा याच प्री-कोरसला ब्रिज म्हणून बसतो, कारण चाल बदलल्याचं त्याला पहिल्यांदा इथेच जाणवतं, आणि तो कोरसला "जोडतो"ही. तपासायची रीत सोपी: दुसऱ्या व्हर्सनंतर तो पुन्हा आला का? आला तर प्री-कोरस. ब्रिज सहसा दुसऱ्यांदा येत नाही.

आता ब्रिज. आमच्या गाण्यात तो दोन मिनिटांवर आहे. विचार करा, इथवर श्रोत्याने व्हर्स दोनदा आणि कोरस दोनदा ऐकलाय. तिसरा व्हर्स टाकला तर पुढे काय येणार हे त्याला पाठ आहे. कान सैल पडतो. ब्रिजची गरज नेमकी इथे निर्माण होते, म्हणून तो बहुतेक गाण्यांत दुसऱ्या कोरसच्या पाठीवर, गाण्याच्या साधारण दोन तृतीयांशावर सापडतो. तीन मिनिटांच्या गाण्यात घड्याळ दोन मिनिटांच्या आसपास आलं की कान टवकारा.

कधीतरी हे रूळ सोडून चालत जाऊ का?
गेटच नाही अशा गावी घर एक पाहू का?

सगळं बदललंय. आधी गोष्ट झालेल्या दिवसांची होती, आता "जाऊ का" म्हणजे पुढची. आधी विनवणी होती, आता प्रश्न. ड्रम पूर्ण बंद, फक्त पियानो आणि लांब धरलेले सूर. पण खरं काम खाली चाललंय, सुरांच्या पायात. गाणं पांढरी एकमध्ये आहे. व्हर्स नि कोरस दोन्ही सी मेजर या कॉर्डवर, म्हणजे आपल्या सावर उभ्या असलेल्या, एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडीवर सुरू होतात. ब्रिज मी ए मायनरवर, म्हणजे धैवतावर सुरू केला. पुढे एफ, डी मायनर आणि शेवटी जी, प्रत्येकी दोन बार. या आठही बारांत सी मेजर एकदाही येत नाही. सारखं घरी येणारं गाणं वीस सेकंद घराबाहेर राहतं. "पाहू का" मधला "का" शुद्ध निषादावर लांब धरलाय. नि असा धरून ठेवला की कुणालाही, संगीत न शिकलेल्यालाही, वरचा सा हवाहवासा वाटतो. आणि तो सा पुढच्या "थांब ना"मधल्या "ना"वर मिळतो.

हे तुम्हाला घरी करून बघता येईल. मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप असतंच. गाण्याचा सा जुळवा (कोरसच्या शेवटी आवाज जिथे निवांत टेकतो तो सूर बहुधा सा) आणि गाण्यासोबत तोच सूर गुणगुणत राहा. कोरसमध्ये तुमचा सा आरामात बसेल. ब्रिज आला की तोच सा कुठे टोचायला लागेल, कुठे लोंबकळल्यासारखा वाटेल. तुमचा सूर जागचा हललेला नसतो, गाणं हललेलं असतं. प्रत्येक ब्रिज असा घर सोडतोच असं नाही. काही नुसते वाद्यं काढून घेतात, काही लय अर्धी करतात. पण तुमच्या मैत्रिणी "भारी" म्हणतात ते बहुतेक वेळा या दूर जाण्याला आणि परतण्याला.

जाता जाता, ब्रिजला मिडल एटही म्हणतात. गेल्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अमेरिकन गाण्यांचा एक ठरीव साचा होता, आठ बारांचे चार तुकडे, एकूण बत्तीस. पहिला, दुसरा आणि चौथा एकाच चालीचे, तिसरा वेगळा. तो मधला आठ बारांचा तुकडा म्हणजे मिडल एट. त्या साच्यात आजच्यासारखा वेगळा कोरस नसायचाच, गाण्याचं नाव त्या एकाच चालीच्या तुकड्यात असायचं. साचा मागे पडला, ब्रिज उरला.

ब्रिजनंतर काय होतं याकडे मात्र कुणी लक्ष देत नाही, आणि मी एकदा त्यातच तोंडघशी पडलोय. खानापूर तालुक्यातल्या एका गावात गणपतीचा कार्यक्रम. हिंदी पॉपमधलं एक गाणं ऐनवेळी घेतलं. ड्रमरला मी कागदावर लिहून दिलं: ब्रिज, मग कोरस. रेकॉर्डमध्ये ब्रिजनंतरचा कोरस पहिले चार बार अगदी हळू आहे, फक्त आवाज आणि पियानो, आणि मग सगळी वाद्यं तुटून पडतात. ते मी लिहिलंच नाही. गायिका डोळे मिटून हळू आवाजात कोरस सुरू करते न करते तोच ड्रमरने क्रॅशवर दणका दिला. बिचारा कागदाप्रमाणे बरोबर होता. तिचा आवाज त्यात बुडाला. पुढच्या रांगेतले आजोबा उठून माइक बंद पडल्याचं सांगायला आले. त्यानंतर मी कागदावर "हळू कोरस चार बार" असं वेगळं लिहितो.

आमच्या गाण्यातही हे आहे. २:२० ला ब्रिज संपतो, चार बार हळू कोरस, २:३० ला पूर्ण कोरस, २:५० पासून दहा सेकंद गिटारचा तोच तुकडा आणि गाणं तीन मिनिटांना संपतं. ऐकणारे बरेचदा या हळू कोरसलाच ब्रिजचा भाग धरतात, कारण वाद्यं अजून परतलेली नसतात. इथे वाद्यांवर विश्वास ठेवू नका. शब्द आणि चाल कोरसचे असतील तर तो कोरस, मग ढोल वाजो वा न वाजो. वाद्यं हा पुरावा दुय्यम, चाल आणि शब्द हा पहिला.

ब्रिज नसलेली गाणी भरपूर आहेत, हल्ली तर जास्तच. अडीच मिनिटांत गाणं संपवायचं असेल तर आधी कात्री ब्रिजवरच पडते. कधी त्याच्या जागी शेवटचा कोरस नुसता पट्टी चढवून घेतात, पांढरी एकवरून काळी एकवर. चाल-शब्द तेच म्हणून तो कोरसच, पण कान ताजा करण्याचं ब्रिजचं काम तो स्वस्तात उरकतो. नाचाच्या गाण्यांत कोरसच्या जागी कधी शब्दच नसतात, नुसता सिंथचा ठेका असतो. त्याला ड्रॉप म्हणतात, आणि जागा त्याची कोरसचीच.

आता तुमचा रॅप. शब्द नवे असणारच, आणि रॅपला गायची चाल नसते, त्यामुळे आपली कसोटी अर्धी लुळी पडते. अशा वेळी गाणाऱ्याला सोडून खाली ऐका. बेस, ठेका आणि कॉर्ड व्हर्सचेच चालू असतील तर तो तिसरा व्हर्स, पाहुण्याच्या तोंडून आलेला. बेसच बदलला, ठेका तुटला किंवा लय अर्धी झाली आणि पुढे कोरस उसळून आला, तर तो ब्रिज. काही कोरियन गाण्यांत दोन्ही एकापाठोपाठ असतात, आधी आठ बार रॅप व्हर्सच्या ठेक्यावर, मग आठ बार गायलेला खरा ब्रिज. तुम्ही ज्या गाण्याबद्दल विचारताय ते तसंच निघालं तर मैत्रिणी दुसऱ्या तुकड्याबद्दल बोलत असणार.